खूण माझ्या भांड्यांना

मी, चारुशीला शामराव मुळावेकर, वय चौऱ्याहत्तर, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार आदिलाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. खोलीत माझ्याशिवाय कोणी नाही, दाराला कडी लावली आहे. शेजारी बसून कोणी सांगत नाही. मागच्या वेळी कोणीतरी सांगत होते. ते पुढे येईल.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर अजून मागच्या महिन्यावर आहे हेही सांगितले. त्यानंतर त्यांनी काही विचारले नाही.

कचेरीच्या सोयीसाठी या कागदाचे तेलुगू भाषांतर केले जाईल. मला तेलुगू बोलता येते, कायद्याचे तेलुगू येत नाही, आणि भाषांतर करणारा कोणाच्या ओळखीचा निघेल ते सांगता येत नाही. म्हणून दोहोंत फरक आढळल्यास ही मराठी प्रत खरी धरावी.

१. जुने मृत्युपत्र रद्द. हे घर माझे यजमान कै. शामराव यांनी माझ्या एकटीच्या नावे केले होते, त्यावर इतर कोणाचा हक्क नाही. ते गेल्यानंतर माझा मुलगा जयदीप याने भीमपूरकडच्या देवाजी नगराळे यांची मुलगी प्रगती हिच्याशी लग्न केले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. नगराळे बौद्ध, त्यांच्या घरी मटण, मासे, अंडी सगळे होते. त्याच वर्षी मी एक मृत्युपत्र केले. त्यात अट अशी होती की या घरात मांस, मासे किंवा अंडी शिजल्यास जयदीपचा हक्क संपेल आणि पूर्ण घर माझी मुलगी वल्लरी हिला जाईल. सही माझी होती, वाक्य वल्लरीचे होते. नागपूरहून ती ते वाक्य तयार करूनच आली होती.

ते मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करते. त्याच्या झेरॉक्स वल्लरीकडे आहेत. किती, ते ती सांगत नाही. जितक्या असतील तितक्या रद्द.

२. राहते घर. घर, मागचे अंगण, नळजोडणी आणि विजेच्या मीटरसह, माझी सून प्रगती हिच्या एकटीच्या नावे करते. जयदीपच्या नावे का नाही, असे कोणी विचारील. जयदीप स्वभावाने चांगला आहे आणि बहिणीचा फोन आला की बाहेर अंगणात जाऊन बोलतो. जे बोलणे घरात बसून करता येत नाही, त्या बोलण्याच्या हवाली मी घर करणार नाही.

हे घर प्रगतीला का जावे, हे समजण्यासाठी या घरचे स्वयंपाकघर समजले पाहिजे. म्हणून ते इथे लिहिते. वकील म्हणाले, मृत्युपत्रात एवढे लिहायची गरज नसते. वकिलांनी सहा महिन्यांत एकदाही माझ्या घरी चहा घेतला नाही, त्यामुळे त्यांना गरज कळणार नाही.

३. व्यवस्था. लग्नानंतर पहिली दोन वर्षे प्रगती तिचे कालवण मागच्या अंगणात शेगडीवर करी आणि तिथेच बसून खाई. मला ते बरे वाटे. माझी नात स्वरा हिच्या वेळी तिला दिवस गेले, डॉक्टरांनी रोज अंडे सांगितले, आणि पोट घेऊन ती अंगणात उकिडवी बसलेली मला खिडकीतून दिसू लागली. मी तिला आत बोलावले. आत बोलावले म्हणजे विश्वास ठेवला असे नाही. अटी घातल्या.

उजवीकडची, खिडकीजवळची शेगडी तिची, डावी माझी. तिची कढई, तवा, सुरी, पाट, डाव, घासणी वेगळी, आणि त्यांचा कप्पा सर्वात खालचा. फ्रिजमध्येही कच्चे मटण खालच्याच फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात, म्हणजे काही गळले तरी कोथिंबिरीवर गळणार नाही. अंडी झाकणाच्या डब्यात. माझा स्वयंपाक आधी, तिचा नंतर, मग ओटा गरम पाण्याने पुसायचा. तळलेले तेल एकमेकांत मिसळायचे नाही. लोणच्याच्या बरणीत जेवताना कोणीच चमचा घालायचा नाही, लागेल तेवढे आधीच वाटीत काढायचे. गुरुवारी आणि शनिवारी उजव्या शेगडीवर फक्त चहा.

तिनेही एक अट घातली. एकच. म्हणाली, "आई, मी जेवून राह्यली असताना नाकाला पदर लावाचा नाही. तुमाले वास सहन होत नसंल तर आधी जेवून घ्या, मी थांबतो. पण माह्या ताटाकडं पाहून पदर नाही."

प्रगतीही शिक्षिका आहे, शाळेत ती चांगली प्रमाण मराठी बोलते. घरात अशी बोलली की समजावे, मनापासून बोलते आहे. मी अट मान्य केली. पदर लावला नाही. पंखा मोठा केला.

हळूहळू जमत गेले. रविवारी कांदा-खोबऱ्याचे वाटण एकदाच व्हायचे, कोरड्या स्वच्छ भांड्यात. त्याचे दोन भाग करायचे: एक माझ्या वांग्यांना, एक तिच्या कोंबडीला. वाटणात मटणाचा डाव शिरणार नाही, एवढे बघायला मी समोर उभी राही. टेबलावर तिचे पातेले तिच्या टोकाला, माझे माझ्या टोकाला, मध्ये जयदीप. हाडांची ताटली झाकलेली, आणि ती उचलायची ज्याची त्याने. बुद्धपौर्णिमेला तिच्या माहेरी खीर असते, मटण नसते, हे मला चौथ्या वर्षी कळले. तोवर मी त्या दिवशी मुद्दाम शेजारी सुवर्णाकडे जाऊन जेवत होते.

जयदीप कोंबडी खात नाही. रस्सा खातो, असा माझा संशय आहे. मी त्याला विचारलेले नाही, कारण विचारले तर तो खरे सांगतो.

४. कुकर. हा कुकर मी प्रगतीला देते, दोन्ही रिंगांसह. आमच्याकडे कुकर एकच आहे, कारण स्टील घासले की वास जातो. रबर मात्र वास धरून ठेवते. म्हणून झाकणाच्या रिंगा दोन, एक वरणभाताची आणि एक मटणाची. कोणती कोणाची हे कळावे म्हणून मटणाच्या रिंगेवर मी लाल रंगाचा ठिपका दिला होता. तिच्या सगळ्याच भांड्यांवर दिला होता, कढईच्या कानावर, सुरीच्या मुठीवर, डावाच्या टोकाला. सहा-सात वर्षे ते ठिपके तिने रोज पाहिले.

दोन वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांना वल्लरी आली. आल्या आल्या पदर खोचून म्हणाली, "आई, मी आहे तोवर तुझं मी करते. निदान चार दिवस स्वच्छ खा." सणाच्या दोन दिवस आधी तिने वरण लावले. पहिला घास घेतला आणि मी थांबले. वरणाला मटणाचा वास होता.

वल्लरीने वाटी नाकाजवळ नेली आणि ताट सरकवले. "पाहिलंस? मी तुला केव्हापासून सांगून राह्यली. हे मुद्दाम आहे. परवा देवी बसायच्या, आणि आज हे."

प्रगती उटनूरच्या तिच्या शाळेतून नुकतीच आली होती, बसची धूळ अंगावर होती. म्हणाली, "ताई, वरण तुमी लावलं."

"भांडी कोणी बाटवली?"

प्रगती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, रिंग पाहा." आणि आत गेली.

त्या रात्री वल्लरीने पर्समधून जुन्या मृत्युपत्राची झेरॉक्स काढली. सणाला येताना ती कागद घेऊन आली होती, याची मी नोंद घेतली. म्हणाली, "अट तर कधीचीच मोडली, आई. आता फक्त रजिस्टर कर आणि जयदीपला दुसरीकडं खोली पाहायला सांग."

मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. माझा तेव्हा प्रगतीवर संशय होता. भांडी घासणाऱ्या गयाबाईवर होता. जयदीपवर तर कायमच असतो.

५. तपास. दुसऱ्या दिवशी दुपारी वल्लरी झोपली, तेव्हा मी कुकर घासून त्यात नुसते पाणी घातले. एक रिंग लावून उकळले, झाकण काढले, वास घेतला. काही नाही. पाणी फेकले, दुसरी रिंग लावली, पुन्हा उकळले. झाकण काढताच कळले. ती रिंग मी उजेडात धरली. ठिपका नव्हता. वाफेने रंगाचा पापुद्रा कधीच गळून गेला होता. गयाबाई दोन्ही रिंगा एकाच खिळ्याला अडकवत होती आणि वल्लरीने हाताला आली ती घेतली होती.

रंगाच्या डब्यावर 'उष्णतेने न जाणारा' असे छापले होते. त्या दुकानदारावरचा माझा संशय अजून गेलेला नाही.

वल्लरी उठल्यावर मी तिला दोन्ही रिंगा दाखवल्या, हुंगायला दिल्या. तिने हुंगल्या. म्हणाली, "असंल. पण वास तर आला ना, आई? कागद आहे तसा राहू दे."

मी पस्तीस वर्षे शाळेत काढली आहेत. चूक दाखवल्यावर ज्याला उत्तराशी घेणे नसते, गुणांशी असते, त्याचा चेहरा मला ओळखता येतो. माझा संशय त्या क्षणी जागा बदलून बसला. वल्लरीला वरणाचे काही पडले नव्हते.

६. खूण. त्या संध्याकाळी मी रंगाचा नवा डबा आणि ब्रश घेऊन प्रगतीपुढे बसले. मटणाच्या रिंगेवर नवा ठिपका देणार होते. तिने रिंग माझ्या हातातून काढून घेतली.

"माह्या भांड्याले खूण काऊन, आई? तुमच्या भांड्याले करा."

"का?"

"खूण झिजते. माह्या डावाची झिजली तर तो तुमच्या वरणात जाते. तुमच्या डावाची झिजली तर तो माह्या रस्स्यात येईन. मले काय फरक पडते? जे जपाचं आहे त्याले खूण पाहिजे. ज्याले खूण नाही ते माहं."

मी यात कुठे डाव आहे का ते शोधले. या बाजूने पाहिले, त्या बाजूने पाहिले. सापडला नाही. हिशेब बिनतोड होता. खूण नसलेल्या कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही, एवढे पाळले की माझे अन्न सुरक्षित. मी हे सुचवायला हवे होते. संशय माझा होता, युक्ती तिची निघाली.

मी ब्रश बुडवला, तशी ती पुन्हा म्हणाली, "आणखी एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"भांडी मटणापायी वेगळी आहेत, का माह्या हातापायी?"

"मटणामुळे."

"मंग इतक्या वर्षांत तुमच्या वरणाले मी एकदाबी फोडणी काऊन नाही दिली? त्यात कुठं मटण होतं?"

जयदीप दारात उभा होता. तो नेहमीप्रमाणे अंगणात जायला निघाला. मी त्याला म्हटले, "थांब इथेच."

मग मी तिला सांगितले, "तू फोडणी करपवतेस."

"तुमी कदी खाल्ली?"

नव्हती खाल्ली. तिला उत्तर पाहिजे होते आणि शब्दांत दिलेल्या उत्तरावर मी स्वतः कधी विश्वास ठेवत नाही, तर तिने का ठेवावा? मी माझे पातेले, माझा डाव आणि हिंगाची डबी तिच्यापुढे ठेवली. उद्या देवी बसायच्या होत्या आणि नैवेद्याचे वरण होते. म्हटले, "उद्याचे तू कर."

वल्लरी त्याच रात्रीच्या गाडीने नागपूरला गेली. नैवेद्याला थांबली नाही.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवते: फोडणी खरोखरच करपली. मोहरी काळी झाली होती. मी तसे तिला सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं, आई. म्हणजे तुमी खोटं नोतं बोलून राह्यल्या." आणि हसत सुटली. तेव्हापासून रोजचे वरण तीच करते. अजून करपवते. मी खाते.

माझ्या भांड्यांवर आता लाल ठिपके आहेत. तिची कोरी आहेत. रिंगेला मी रंग दिला नाही, कात्रीने कडेला बारीक खाच पाडली, वाफेने जाणार नाही अशी, आणि ती माझ्या रिंगेला.

७. वल्लरीस. बेला गावचे शेत, विहिरीच्या हिश्श्यासह, वल्लरीला देते. माझे दागिनेही तिला. मी तिला तोडलेले नाही. शेतात कापूस होतो, तिथे काय शिजते यावर तिला हव्या तितक्या अटी घालता येतील. घराबाबत ती कोर्टात गेल्यास वरचे सहावे कलम न्यायाधीशांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे, ही माझी विनंती आहे.

८. इतर. बँकेतील शिल्लक जयदीपला. पितळेचे दोन्ही हंडे गयाबाईला. तिने एक तरी चिंचेने घासावा. शामरावांचे घड्याळ स्वराला. स्वरा सध्या 'मी मांस खात नाही' असे म्हणते. भीमपूरच्या आजोळी जाऊन आली की दोन दिवस हे वाक्य म्हणत नाही. मी त्यात पडत नाही.

९. तेरावा. माझ्या तेराव्याचा स्वयंपाक ठिपक्यांच्या भांड्यांत करावा. वरण प्रगतीने करावे. पहिल्या पंगतीत माझ्या विहीणबाई चंपाबाई नगराळे यांना बसवावे, कोपऱ्यात नव्हे, मधोमध. एकदा त्यांनी माझ्यासाठी कोऱ्या डब्यात तिळाचे लाडू आणले होते आणि वल्लरीने ते माझ्या नकळत गयाबाईला देऊन टाकले. डबा देताना चंपाबाई मला म्हणाल्या होत्या, "ईनबाई, लाडवात तं हाड नसते ना." लाडू गयाबाईकडे गेल्याचे मला आठ दिवसांनी कळले. मग मी प्रगतीसोबत डबा परत पाठवला, भरून, माझ्या हातच्या चिवड्याने. त्यांनी तो खाल्ला की नाही, याचा मला अजून संशय आहे. त्यांनाही तसाच अधिकार आहे.

त्यानंतर भांड्यांवरचे ठिपके खरवडायचे की ठेवायचे, हे ज्यांचे घर आहे त्यांनी ठरवावे. या घरात काय शिजवावे, याबद्दल मी कोणतीही अट घालत नाही.

१०. अंमल. या मृत्युपत्राची अंमलबजावणी देवाजी नगराळे यांनी करावी. ते मुलीचे वडील आहेत, म्हणून कोणी आक्षेप घेईल. तहसील कचेरीत त्यांनी उमर काढली आहे, फेरफार आणि नक्कल कुठल्या टेबलावर अडते हे त्यांना ठाऊक आहे. शिवाय ते माझ्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. असा माणूस कागद नीट वाचतो.

११. मूळ प्रत. नोंदणीनंतर मूळ प्रत कुठे ठेवायची, याचा मी बराच विचार केला. कपाटाची दुसरी किल्ली वल्लरीकडे आहे, असा संशय आहे. देवघराचा खण ती आल्या आल्या उघडते. गादीखाली जयदीप बघेल. तेव्हा प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून, स्वयंपाकघरातल्या सर्वात खालच्या कप्प्यात, प्रगतीच्या मटणाच्या कढईखाली ठेवली जाईल. त्या कप्प्याला वल्लरी हात लावणार नाही.

आजवर मीही लावला नव्हता. आज सकाळी जागा बघायला उघडला. कढई माझ्या कढईपेक्षा लख्ख घासलेली आहे. तिच्या कानावर माझ्या जुन्या लाल ठिपक्याचा एक कण अजून चिकटून होता. तो मी नखाने काढला.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि पुन्हा एकदा वाचून मगच खालच्या दोघांना आत बोलावले. दोघांनाही यातून काही मिळत नाही, हे मी तपासले आहे. त्यांच्यासमोर मी सही केली, आणि माझ्यासमोर व एकमेकांसमोर त्यांनी केली.

सही: चारुशीला शामराव मुळावेकर

साक्षीदार १: सौ. सुवर्णा गंगाधर चिंतलवार, शेजारी, आदिलाबाद
साक्षीदार २: श्री. बापूजी आत्राम, निवृत्त शिक्षक, उटनूर

ठिकाण: आदिलाबाद
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार. उजव्या शेगडीवर कोंबडी शिजत आहे, डाव्या शेगडीवर वांगी. दोन्ही साक्षीदार जेवायला थांबले आहेत. कोण कोणत्या टोकाला बसणार, ते मी विचारलेले नाही.